हात खंय, आवाज खंय?

छताला टांगलेला प्रोजेक्टर तसा गुणी. तो कोणाच्या पायात येत नाही, कोणाचा धक्का लागून वाकडा होत नाही, आणि समोरून उठून जाणाऱ्या माणसाची सावली पडद्यावर पडू देत नाही. अडचण एकच, त्याच्यापर्यंत चित्र पोचवायचं कसं? लॅपटॉप खाली रंगमंचाच्या कोपऱ्यात आणि हे महाशय वर पंख्यांच्या शेजारी. सरळ रेषेत मोजलं तर दोघांमध्ये सात-आठ मीटर. पण वायर सरळ रेषेत जात नाही. ती टेबलावरून भिंतीशी, भिंतीवरून वर, मग छताच्या कडेकडेनं फिरत प्रोजेक्टरपाशी उतरते. सात मीटरांचे पंधरा-सोळा होतात. आणि साधी तांब्याची एचडीएमआय वायर दहा मीटरच्या पुढे गेली की कुरकुरायला लागते. आधी चित्रात पांढरे ठिपके चमकतात, मग चित्र क्षणभर जातं आणि परत येतं, शेवटी जातं ते जातंच. अशी वायर भिंतीतल्या पाइपात असली तर ती बदलणं म्हणजे गवंडीकामच.

म्हणून आमच्या मंडळानं वायरलेस एचडीएमआयचा एक जोड आणला. अंगठ्याएवढे दोन ठोकळे. ट्रान्समीटर लॅपटॉपला लावायचा, रिसीव्हर प्रोजेक्टरला. निमित्त होतं आम्ही केलेल्या चाळीस मिनिटांच्या माहितीपटाचं. पेडणे तालुक्यातले एक आजोबा, ज्यांनी उभा जन्म दशावतारात पखवाज वाजवला, त्यांच्यावर तो होता. पहिला खेळ डिचोलीला, दुसरा आजोबांच्या गावी. मी डिचोलीचीच, आणि मंडळात वायरींचा गुंता माझ्याकडे, त्यामुळे दोन्हीकडे लॅपटॉपमागे मीच होते.

डिचोलीच्या हॉलमध्ये आम्ही आदल्या दिवशीच गेलो. खोक्यावर लिहिलं होतं, पल्ला 50 मीटर. आमचं अंतर आठ मीटर. तरी चित्र दर दोन मिनिटांनी गोठत होतं, चेहऱ्यांचे चौकोनी तुकडे पडत होते. खोक्यावरचा आकडा खोटा नसतो, पण तो मोकळ्या मैदानातला असतो, मध्ये काही नसताना मोजलेला. आमच्या इथे मध्ये काय होतं? वर शिडी लावून बघितलं तेव्हा कळलं. चोरी होऊ नये म्हणून प्रोजेक्टर लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेला, आणि हॉलच्या वायरमननं रिसीव्हर नीट, दिसू नये असा, त्या पिंजऱ्यातच मागे खोचलेला.

आता हे ठोकळे 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. त्या लहरीची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. पिंजऱ्याची भोकं जेमतेम दोन सेंटिमीटरची. लहरीच्या अर्ध्या लांबीपेक्षा भोक लहान असलं की लोखंडाची जाळी तिला पत्र्यासारखीच अडवते. आपल्याला जाळीतून आरपार दिसतं, कारण उजेडाची लहर अतिशय बारीक. ठोकळ्याला मात्र समोर भिंत दिसते. जे काही थोडं पोचत होतं ते फटींतून आणि इकडेतिकडे आदळून. उपाय शंभर-दीडशे रुपयांचा निघाला. एचडीएमआयचा फूटभर लांबीचा जोडतुकडा लावून रिसीव्हर पिंजऱ्याबाहेर, खालच्या अंगाला लोंबता ठेवला. खाली ट्रान्समीटर लॅपटॉपच्या मागे टेबलावर दडला होता, तोही तशाच तुकड्यानं माइकच्या स्टँडवर डोक्याच्या वर नेऊन बांधला. माणसाचं शरीर म्हणजे बहुतेक पाणीच, आणि या लहरी पाण्यात मुरतात. टेबलाच्या उंचीवरचा ट्रान्समीटर रिकाम्या हॉलमध्ये चालतो आणि फोटो काढणारे चार जण समोर उभे राहिले की बंद पडतो. दोघांनी एकमेकांना सरळ बघितलं पाहिजे, एवढंच धरून ठेवायचं. त्यानंतर तासभर चित्र एकदाही हललं नाही.

एक गोष्ट मात्र याच्याशी गल्लत होण्यासारखी आहे म्हणून सांगते. रिसीव्हरला वीज वेगळी लागते. एचडीएमआयच्या खोबणीतून मिळते ती नावापुरती, म्हणून त्याची शेपटी प्रोजेक्टरच्या यूएसबीत लावतात. काही प्रोजेक्टरांची यूएसबी अर्धा अँपियरच देते आणि ठोकळा एक मागतो. तेव्हा तुकडे पडत नाहीत. पडदा एकदम काळा होतो आणि रिसीव्हरचं स्वतःचं स्वागतचित्र पुन्हा उगवतं, जणू कोणी बटण बंद करून चालू केलं. असं दिसलं तर पल्ल्याच्या मागे लागू नये. मोबाइलचा चार्जर वरच्या सॉकेटला लावून त्यातून वीज द्यावी.

दुसऱ्या दिवशी आजोबा दुपारीच आले. कोणीतरी मोटारीनं आणलं होतं. पहिल्या रांगेत बसले, आम्ही आवाज तपासायला म्हणून मधलाच एक तुकडा लावला. त्यात ते राक्षसाच्या प्रवेशाला पखवाज वाजवतायत, कॅमेरा फक्त हातांवर. दहा सेकंदही झाली नसतील. आजोबा वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "हात खंय गो बाय, आनी आवाज खंय?"

आमच्यापैकी कोणाला काही वेगळं जाणवलं नव्हतं. सर म्हणाले, आजोबा, बरोबर चाललंय की. आजोबांनी स्वतःच्या मांडीवर दोन बोट आपटून दाखवली. "हांव मारतां आदीं, आनी पडता मागीर? म्हजो हात असो ना." आपला हात लोकांना असा दिसणार, हे त्यांना सोसत नव्हतं. साठ वर्षं तालात राहिलेला माणूस पडद्यावर बेताला दिसत होता, आणि तेही त्याच्यावरच्याच चित्रपटात.

हा उशीर कुठून येतो ते आधी बघू. पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके, म्हणजे वीस लाखांहून जास्त. प्रत्येकाच्या रंगाला 24 बिट, आणि असं चित्र सेकंदाला 60 वेळा. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे 3 अब्ज बिट होतात. वायर एवढं सहज नेते. 5 गिगाहर्ट्झवरच्या या छोट्या ठोकळ्याला एवढं भरवशानं नेता येत नाही. म्हणून ट्रान्समीटर आधी चित्र दाबून लहान करतो, ते हवेतून पाठवतो, रिसीव्हर थोडा साठा जमवतो, उलगडतो आणि मग प्रोजेक्टरला देतो. या दाबण्या-उलगडण्यात वेळ जातो. न दाबता पाठवणारी यंत्रं आहेत. त्यांतली काही 60 गिगाहर्ट्झवर चालतात, त्यांचा उशीर एक मिलिसेकंदाच्या आत, पण पल्ला एका खोलीपुरता, दहाएक मीटर, आणि मध्ये नुसता माणूस आला तरी चित्र जाऊ शकतं. शूटिंगच्या सेटवर वापरतात ती आणखी वेगळी, आणि त्यांची किंमत मंडळाच्या वर्षाच्या वर्गणीत बसणारी नाही.

आमच्या ठोकळ्याचा उशीर किती, ते मोजायला कसलंही उपकरण लागत नाही. लॅपटॉपवर मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू केलं, तेच पडद्यावर दिसत होतं. मग मोबाइलनं असा फोटो काढला की लॅपटॉप आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील. लॅपटॉपवर दिसतोय 14.620, पडद्यावर 14.430. फरक 190 मिलिसेकंद. स्क्रीन सेकंदाला 60 वेळाच बदलते, त्यामुळे एका फोटोत पंधरा-सतराची चूक असू शकते, म्हणून दहा फोटो काढून सरासरी घेतली. ती 190च्याच आसपास आली. मग प्रोजेक्टर कोणी किती उशीर करतो ते कळावं म्हणून सुताराच्या उंच घोडीवर लॅपटॉप चढवून छोट्या वायरनं थेट जोडला आणि पुन्हा मोजलं. 50 आले. म्हणजे 50 प्रोजेक्टरचे स्वतःचे आणि 140 वायरलेसचे.

190 मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. ऐकायला काहीच नाही. पण पखवाजाच्या हिशेबात बघा. मध्यम लयीत सेकंदाला चार बोल पडत असतील, तर दोन बोलांमध्ये 250 मिलिसेकंद. राक्षस थैमान घालायला लागला की आठ बोल पडतात, अंतर 125 वर येतं. तेव्हा हात ज्या बोलावर पडताना दिसतो, त्याच्या दीड बोल पुढचा आवाज कानावर येतो. आजोबांना नेमकं हेच दिसत होतं.

आणि आवाज पुढे का धावत होता? कारण तो वायरनं जात होता. चित्र हवेतून रांगत रांगत, आणि आवाज लॅपटॉपच्या हेडफोनच्या खोबणीतून सरळ मिक्सरला, तिथून स्पीकरला. हे जास्त खुपतं. प्रसारणवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आकडे दिलेले आहेत: आवाज चित्राच्या मागे पडला तर साधारण 125 मिलिसेकंदांपर्यंत लोकांच्या लक्षात येत नाही, पण पुढे गेला तर 45 वरच लक्षात येतं. ते साहजिक आहे. लांब कोणी कपडे आपटत असलं की आपल्याला आधी हात दिसतो, मग आवाज येतो. उलटं जगात कुठे होत नाही. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर चालतो, म्हणून मागच्या भिंतीशी, स्पीकरपासून सतरा मीटरांवर उभ्या असलेल्या आमच्या मुलांना तो 49 मिलिसेकंद उशिरा मिळत होता, त्यांच्यापुरती तफावत तेवढी कमी. आजोबा स्पीकरपासून तीन मीटरांवर. कान तयारीचा, आणि जागाही सगळ्यात वाईट.

चित्र लवकर आणता येत नाही. मग आवाजाला थांबवायचं. एक रस्ता म्हणजे आवाजही चित्राबरोबर हवेतून पाठवायचा आणि प्रोजेक्टरच्या मागच्या खोबणीतून काढून घ्यायचा. दोघं एकत्र उशिरा पोचतात, तंटा मिटतो. पण प्रोजेक्टर छतावर आणि मिक्सर खाली, म्हणजे जी वायर टाळली तीच आवाजासाठी ओढायची. दुसरा रस्ता सोपा. चित्रपट आम्ही व्हीएलसीवर लावला होता. त्यात `K` दाबलं की आवाज 50 मिलिसेकंदांनी मागे सरकतो, `J` दाबलं की पुढे येतो. मी `K` चार वेळा दाबलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात `Audio delay: 200 ms` आलं. 190 ला 200, म्हणजे आवाज आता दहानं मागे, आणि तेवढं कोणालाच कळत नाही. तोच तुकडा परत लावला. आजोबा काही बोलले नाहीत, पण त्यांची बोटं मांडीवर पडद्यासोबत पडू लागली. सेटिंग दुसरी फाइल उघडली की टिकेल याचा भरवसा नको, म्हणून प्रत्येक वेळी बघून घ्यायचं. खेळ चांगला झाला.

महिन्यानं आजोबांच्या गावी गेलो. देवळाजवळचा हॉल, नवा प्रोजेक्टर, पिंजरा नाही. दुपारी सगळं जोडलं, पुन्हा फोटो काढून मोजलं, कारण प्रोजेक्टर बदलला की आकडा बदलतो. इथे 170 आला. `K` तीनदा म्हणजे 150, आवाज वीसनं पुढे, चालण्यासारखं. मी चारदाच दाबलं, कारण मागे तीस राहिलेलं पुढे वीस राहण्यापेक्षा बरं. रिकाम्या हॉलमध्ये चित्र आरशासारखं.

संध्याकाळी गाव लोटलं आणि सुरुवातीच्या भाषणांबरोबर मागे फोटो दाखवत होतो तेच अडखळायला लागले. दोन मिनिटं ठीक, मग तुकडे, मग ठीक. शेजारी उभा असलेला एक काका ठामपणे म्हणाला, "मोपाक विमानां येवंक लागल्यापसून हें अशेंच." मोपाचं विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू आहे, आणि तेव्हापासून तालुक्यात रेंज गेली, टीव्ही बिघडला, की बोट तिकडेच जातं. पण वैमानिक टॉवरशी बोलतात ते 118 ते 137 मेगाहर्ट्झवर, आणि विमान ओळखणारं रडार विचारतं 1030 वर, उत्तर ऐकतं 1090 वर. आमचा ठोकळा पाच हजारांच्या वर. ही मंडळी वेगळ्या गल्लीत राहतात.

व्यत्यय आहे की पल्ला कमी पडतोय, हे ओळखायची एक साधी खूण आहे. ट्रान्समीटर हातात घेऊन दोन पावलं प्रोजेक्टरकडे जायचं. लगेच सुधारलं तर पल्ला किंवा आडोसा. काही फरक पडला नाही, आणि त्रास आपल्या मर्जीनं येत-जात राहिला, तर कोणीतरी त्याच हवेत बोलतंय. मी गेले, फरक पडला नाही. मग मोबाइलवरच्या वायफाय बघायच्या अॅपमध्ये शोधलं. दुपारी नसलेलं एक नाव आता सगळ्यात वर, चॅनल 149 वर, आणि आमचा ठोकळाही 149 वरच. गावच्या मुलांनी कार्यक्रम थेट यूट्यूबवर दाखवायला राउटर आणला होता आणि चांगली रेंज मिळावी म्हणून तो उंचावर, प्रोजेक्टरच्या जवळच्याच खांबाला बांधला होता. दुपारी राउटर नव्हता, म्हणून दुपारी सगळं बरं होतं.

वायफायची रीत अशी की एकाच चॅनलवरचे दोघे एकदम बोलत नाहीत. दुसरा बोलत असला तर थांबायचं. सभ्यपणा चांगलाच, पण फाइल उतरवताना थांबलेलं कोणाच्या लक्षात येत नाही, आणि चित्र थांबलं की चारशे माणसं बघतात. त्यात राउटर रिसीव्हरच्या उशाशी, म्हणजे त्याचा आवाज आमच्या ट्रान्समीटरपेक्षा कितीतरी मोठा. मुलं समजूतदार होती. यूट्यूबला चित्र चढवायला सेकंदाला चार-पाच मेगाबिट पुरतात, तेवढं 2.4 गिगाहर्ट्झवर आरामात जातं. त्यांनी राउटरचा 5 गिगाहर्ट्झ बंद केला आणि राउटर दाराकडे नेला. मी आमचे दोन्ही ठोकळे बंद करून पुन्हा चालू केले. भाषणं संपायच्या आत चित्र स्थिर झालं. आता मी जाते तिथे आधी विचारते, थेट प्रक्षेपण कोण करणार आहे, आणि तपासणी लोक आल्यावर पुन्हा एकदा करते.

चित्रपटानंतर आजोबा स्वतः वाजवणार होते. संयोजकांची कल्पना अशी की कॅमेरा त्यांच्या हातांवर लावायचा आणि मागच्या लोकांसाठी हात पडद्यावर मोठे दाखवायचे. कल्पना छान. पण इथे `K` दाबून भागत नाही. पखवाज समोर वाजतोय, त्याचा आवाज हवेतून थेट कानात जातोय, त्याला कोण थांबवणार? चित्र मात्र कॅमेऱ्याचा थोडा उशीर आणि त्यावर 170 घेऊन येणार. लांब वायर ओढली असती तरी प्रोजेक्टरचा आणि कॅमेऱ्याचा उशीर राहिलाच असता, कमी पण राहिला असता, आणि आजोबांनी तो ओळखला असता. मी संयोजकांना मोबाइलवरचे फोटो दाखवले, दोन स्टॉपवॉच, दोन आकडे. ते बघून त्यांनी कॅमेरा काढला.

कविता वाचताना मागे ओळी दाखवायच्या असतील, निबंधाचे फोटो, आकृत्या, तर वायरलेस बेलाशक वापरा. पान सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यानं उशिरा उलटलं तर कवीचं काही बिघडत नाही, फक्त माउसचा बाण थोडा दारू प्यायल्यासारखा चालतो. चित्रपट असेल तर मोजा आणि आवाज तेवढा मागे घ्या. समोर जिवंत वादन असेल तर पडदा विझवा.

त्या रात्री आम्ही पडदा विझवला. मधल्या दोन रांगांच्या खुर्च्या उचलल्या, पोरं पुढे जमिनीवर येऊन बसली, त्यांच्या मागे बायका. आजोबांनी पखवाजाला कणीक लावली, दोन थापा मारून ऐकलं, आणि सुरू केलं.